शेगडीचा एकच बर्नर मंद, ज्योत पिवळी: आत कोळ्याने घर केलं असेल का?

शेवंता
तीन बर्नरची शेगडी अडीच महिने बंद होती. परवा सुरू केली तर डावीकडचा लहान बर्नर धड पेटत नाही. नॉब पूर्ण उघडला तरी ज्योत करंगळीच्या पेराएवढी, टोकं पिवळी, आणि एका बाजूची चार-पाच भोकं पेटतच नाहीत. भांड्याच्या बुडाला काजळी धरते. बाकीचे दोन्ही बर्नर नेहमीसारखे निळे. रेग्युलेटर बदलून पाहिला, काडीचाही फरक नाही. हा बर्नर चालू असताना नॉबच्या आसपास किंचित गॅसचा वास येतो, बंद केला की जातो. जेट साफ करून घेऊ की बर्नरच बदलू?

खटपट्या
जेटमध्ये कचरा अडकलाय, दुसरं काही नाही. बर्नर उचला, खाली पितळेचं बारीक भोक दिसेल. शिवणाची सुई घालून दोनदा फिरवा, झालं काम. रेग्युलेटर उगाच बदललात. एकच बर्नर मंद असेल तर रेग्युलेटरचा संबंधच नसतो, तो सगळ्यांना सामाईक.

पाना-पक्कड
रेग्युलेटरबद्दल खटपट्या बरोबर बोलतायत. सुई मात्र राहू द्या, तिच्यावर नंतर येतो.

शेवंता, आधी तो बर्नर पेटवणं बंद करा. तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी जेटशी जुळत नाहीत: पिवळी टोकं आणि नॉबजवळचा वास. जेट बुजलं की गॅसच कमी येतो. ज्योत लहान होते, पण सहसा निळीच राहते, आणि वास यायचं कारण नसतं. तुमच्याकडे गॅस पूर्ण येतोय, फक्त तो बर्नरच्या डोक्यापर्यंत पोहोचत नाहीये.

जेट आणि बर्नरचं डोकं यांच्यामध्ये एक नळी असते. जेटमधून गॅसची धार त्या नळीच्या तोंडात जोरात शिरते आणि जाताना आजूबाजूची हवा ओढून घेते. नळीचं तोंड मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं, हवा तिथूनच जाते. कोळी शिरतो तोही तिथूनच. अंधारी, कोरडी, बोटभर रुंद, वारा नाही, महिनोन्‌महिने कुणी हलवत नाही. त्याला आणखी काय हवं? आत जाळं झालं की धारेचा जोर मोडतो, ओढली जाणारी हवा कमी होते, म्हणून पिवळी ज्योत आणि काजळी. जाळं दाट असेल तर गॅस पुढे न जाता त्याच उघड्या तोंडातून मागे सांडतो. हे तोंड नॉबच्या मागेच, शेगडीच्या पोटात असतं. तुमचा नॉबजवळचा वास तो हाच असणार.

थोडक्यात, जेट बुजलं तर भांडं उशिरा तापतं, एवढंच. नळी बुजली तर गॅस शेगडीच्या पोटात साठतो. वरून दोन्ही 'मंद ज्योत'च दिसतात.

मृगनक्षत्र
झुरळांचाच त्रास आहे सगळा. शेगडीखाली रोज रात्री पुसून घ्या आणि कोपऱ्यात जेलचे ठिपके लावा, आठ दिवसांत नाहीशी होतात.

शेवंता
मृगनक्षत्र, झुरळं नाहीत हो, प्रश्न बर्नरच्या आतला आहे.
पाना-पक्कड, वास अगदी किंचित आहे. तरीही काळजी करण्यासारखं आहे का?

पाना-पक्कड
हिशोब करून बघा. लहान बर्नरचं जेट साधारण ०.७ मिलिमीटरचं धरू. सिलिंडरच्या गॅसचा शेगडीपाशी दाब ३० मिलिबारच्या आसपास असतो. एवढ्यावर तासाला साठेक लिटर गॅस बाहेर पडतो, म्हणजे मिनिटाला एक लिटर. त्यातला पाव भाग जरी मागे सांडला तरी चार मिनिटांत एक लिटर गॅस शेगडीच्या पोटात. हवेत हा गॅस दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला की पेट घेऊ शकतो, म्हणजे एका लिटरपासून पन्नास लिटर पेटणारं मिश्रण तयार होतं. शिवाय तो हवेपेक्षा जड. वर उडून जात नाही, ओट्यावर आणि खाली जमिनीलगत पसरतो. अगदी वरच बर्नर जळत असतो, त्यामुळे तो बऱ्याचदा साठायच्या आतच पेट घेतो. मग नॉबच्या मागून ज्योत दिसते, नॉबचं प्लास्टिक वितळतं, वाईटात वाईट म्हणजे रबरी पाइपला आच लागते.

दुसरा धोका ज्योत आत जाण्याचा. भोकांतून मिश्रण ज्या वेगाने बाहेर पडतं तो वेग जाळ्यामुळे घटतो. तो फार घटला की ज्योत भोकातून आत शिरते आणि थेट जेटच्या तोंडाशी जळत राहते. वर काही दिसत नाही, आतून मात्र स्टोव्हसारखा फुरफुर आवाज येतो आणि नळी तापते. असा आवाज आला तर नॉब लगेच बंद, मग सिलिंडर बंद. पुन्हा पेटवायची घाई नको, नळी पूर्ण थंड होऊ द्या.

खटपट्या
मान्य, वास माझ्या वाचनातून सुटला. पण आधी हवेची झडप उघडून बघायला काय हरकत आहे? नळीच्या तोंडाशी फिरणारी चकती असते. पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी, चकती थोडी उघडली की निळी होते.

पाना-पक्कड
चकती आपोआप फिरत नाही. अडीच महिन्यांपूर्वी त्याच जागी ज्योत निळी होती ना? मग बदललं ते आतलं. चकती उघडून पिवळेपणा थोडा कमी होईल, पण मागे सांडणारा गॅस तसाच. आणि नंतर नळी साफ केलीत की हवा जास्त होऊन ज्योत बर्नरवरून उचलली जाईल, फडफडेल. चकती आहे तिथेच राहू दे. काढावी लागलीच तर आधी पेन्सिलने खूण करा.

अनुस्वार
कोळ्यांना गॅसचा वास आवडतो म्हणून ते येतात. २०११ मध्ये माझदाने माझदा ६ गाड्या परत बोलावल्या होत्या त्या यामुळेच. पिवळ्या रंगाचा एक कोळी पेट्रोलच्या टाकीच्या हवा येण्याच्या नळीत जाळं करायचा. २०१४ मध्ये पुन्हा बोलावल्या.

पाना-पक्कड
गाड्यांचं खरं आहे. वासाबद्दल मी छातीठोक सांगणार नाही. कधीही गॅस न लागलेल्या नळ्या, स्क्रूची भोकं, खुर्चीचे पोकळ पाय, सगळीकडे कोळी सापडतात. माझ्या मते त्यांना भोकाचं माप आवडतं.

अनुस्वार
मग त्याच शेगडीवर मोठ्या बर्नरमध्ये का नाही शिरला? भोक तिथेही आहे.

पाना-पक्कड
हे कोळ्यालाच विचारावं लागेल. असो, शेवंता, आता उघडायचं कसं ते लिहितो.

सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद करा. मग शेगडीचा एक चांगला बर्नर पेटवून पाइपमधला उरलेला गॅस जळू द्या. ज्योत आपोआप विझली की सगळे नॉब बंद. शेगडी थंड झाली की भांड्याची जाळी, बर्नरची टोपी आणि खालचा बर्नर उचला. तुमच्या शेगडीत नळी बर्नरला जोडूनच बाहेर येत असेल तर काम सोपं. येत नसेल तर शेगडी उलटी करून खालचा पत्रा किंवा नळीचा स्क्रू काढावा लागेल. उलटी करण्याआधी पाइप काढा.

नळी डोळ्यासमोर धरून दुसऱ्या टोकाला टॉर्च लावा. स्वच्छ नळीत उजेडाचा गोल पूर्ण दिसतो. जाळं असेल तर उजेड धुरकट किंवा तुटका. नळी वाकडी असेल तर आरपार दिसणारच नाही, म्हणून दिसो न दिसो, ब्रश घालाच. बाटली धुण्याचा सगळ्यात बारीक, वाकणारा ब्रश घ्या, नळीच्या लांबीपेक्षा लांब. एका टोकाने घालून गोल फिरवत दुसऱ्या टोकाने बाहेर काढा. अर्ध्यात घालून परत ओढू नका, जाळ्याचा गोळा आतच दाबला जातो. नुसतं फुंकून किंवा पाण्याखाली धरून भागत नाही. जाळं हवेने सरकतं, पण अंड्यांची पिशवी भिंतीला चिकटलेली असते, ती खरवडूनच निघते. आणि ती राहिली तर काही आठवड्यांत पुन्हा तोच धागा काढाल.

शेवंता
उघडलं. नळी बर्नरसोबतच निघाली. तोंडापासून साधारण चार सेंटिमीटर आत पांढरं जाळं आणि त्यात वाटाण्यापेक्षा लहान, कापसासारखी गोळी. ब्रशला गुंडाळून आली. कोळी मेलेला, वाळून पाय पोटाशी घेतलेला. साबणाच्या पाण्याने धुतलं, पुसलं, बसवलं. आता वास नाही, ज्योत मोठी झाली. पण डाव्या बाजूची ज्योत अजून पिवळी आणि मधूनच तडतडते. जेट बघू का?

पाना-पक्कड
धुऊन किती वेळ वाळवलं?

शेवंता
कापडाने पुसलं आणि लगेच बसवलं.

पाना-पक्कड
मग तडतड पाण्याची. कापड नळीच्या वाकणात पोहोचत नाही. पुन्हा काढा, दोन्ही तोंडांनी झटका आणि एक रात्र उभं ठेवा. बसवताना दोन गोष्टी बघा. जेटचं टोक नळीच्या तोंडात मधोमध आणि सरळ गेलं पाहिजे. नळी जेटच्या बाजूला टेकून बसली तर धार भिंतीवर आपटते आणि एका बाजूला पिवळं जळतं, जाळं नसतानाही. आणि वरची टोपी. तिला खाच किंवा खुंटी असते, ती जागेवर बसली नाही की टोपी किंचित तिरकी राहते आणि उचललेल्या बाजूने गॅस जास्त निसटतो. टोपी बोटाने दाबून फिरवून पाहा, डुगडुगली नाही पाहिजे.

पेटवताना काडी किंवा लायटर आधी तयार ठेवा, मग नॉब उघडा. पहिल्या काही सेकंदांत पेटला नाही तर बंद करा आणि पाच मिनिटं खिडकी उघडून थांबा.

शेवंता
रात्रभर वाळवलं. टोपीची खुंटी खरोखरच खाचेबाहेर होती. आता सगळीकडे सारखी निळी. फक्त एक भोक अजून पेटत नाही.

पाना-पक्कड
ते भोक लाकडी टूथपिकने टोकरा, बर्नर काढून आणि उलटा धरून, म्हणजे कचरा नळीत न पडता खाली पडेल. बर्नरची ही भोकं मोठी असतात, तिथे टूथपिक चालते. जेटला चालत नाही.

आता सुईचं. जेट पितळेचं असतं आणि सुई पोलादी. ०.७ चं भोक सुईने रुंदावून ०.८ झालं तर डोळ्याला कळणारही नाही, पण क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी वाढतं आणि गॅसही जवळपास तेवढाच. मग ज्योत कायमची पिवळी, आणि कितीही नळ्या साफ केल्या तरी उपाय नाही, जेट बदलणं भागच. शिवाय सुई कचरा आत ढकलते. जेट जागेवरच टोकरायचं नसून पान्याने सोडवून उजेडासमोर धरायचं. भोक गोल दिसलं तर हात लावू नका. नसेल तर साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा, आणि मागच्या, रुंद बाजूने नायलॉनच्या ब्रशचा एक केस घाला. बसवताना त्याच बर्नरचं त्याच जागी, मोठ्या-लहानाची अदलाबदल होऊ देऊ नका. जेट सोडवलं असेल तर आटे घट्ट झाल्यावर बर्नर न बसवता कॉक बंद ठेवून आणि रेग्युलेटर चालू करून साबणाचा फेस कॉकच्या आणि पाइपच्या जोडांना लावा. फुगे नकोत. जेटच्या आट्यांची गळती अशी दिसत नाही, कारण गॅस तिथपर्यंत कॉक उघडल्यावरच येतो. तिथे खात्री हवी तर माहितगाराकडून बघून घ्या. काडी पेटवून गळती शोधायची नाही, कितीही जुनी पद्धत असली तरी.

टिकली
आमचा सिलिंडर घराबाहेर आहे. रेग्युलेटरच्या पोटाला एक बारीक भोक आहे, त्यावर कुंभारमाशीने चिखल लिंपलाय. एक बर्नर लावला तर ठीक, तिन्ही लावले की सगळेच मंद होतात. दोन बंद केले की तिसरा एकदम मोठा होतो आणि मग हळूहळू खाली येतो. या भोकात तार घालू का?

पाना-पक्कड
तार अजिबात नको. त्या भोकामागे रबराचा पातळ पडदा आहे, गॅस आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये तेवढाच. तार लागून तो फाटला तर गॅस सरळ त्या भोकातून बाहेर.

ते भोक म्हणजे रेग्युलेटरचं नाक. बर्नर जास्त लावले की पडदा खाली सरकतो आणि जास्त गॅस सोडतो. खाली सरकायला वरच्या खणात बाहेरची हवा आत आली पाहिजे. बर्नर बंद केले की पडदा वर जातो, तेव्हा हवा बाहेर गेली पाहिजे. नाक चोंदलं की पडदा दोन्हीकडे अडतो. तिन्ही लावल्यावर मंद, बंद केल्यावर उरलेला एकदम मोठा, हे त्याचंच लक्षण दिसतंय. खण अगदी हवाबंद झाला तर आणखी एक गंमत: बंद खणातली हवा १० अंशांनी तापली की तिचा दाब तीसेक मिलिबारने वाढू पाहतो, म्हणजे शेगडीला जेवढा दाब द्यायचा जवळपास तेवढाच. चिखल इतका हवाबंद सहसा नसतो, पण बाहेर उन्हात असलेल्या रेग्युलेटरवर दुपारी ज्योत मोठी आणि पहाटे लहान दिसली तर संशय घ्यावा.

सिलिंडर बंद करून, रेग्युलेटर उतरवून, भोक खाली धरून वरचा सुटा चिखल कोरड्या मऊ ब्रशने झाडा. पाणी लावू नका, चिखल ओला होऊन आत जातो. तोंडाशी जाळी असेल आणि ती मोकळी दिसली तर वापरून बघा. चिखल भोकाच्या आत गेला असेल तर रेग्युलेटर बदला, उघडू नका. तो दुरुस्त करायची वस्तू नाही. नवा बसवताना भोक जमिनीकडे.

टिकली
वरचा चिखल निघाला, पण आत टॉर्चने तपकिरी काहीतरी दिसतंय.

पाना-पक्कड
मग बदला.

अनुस्वार
बघा, माझदाच्या गाड्यांत हेच. हवेची नळी बुजली आणि टाकीत दाब उणा झाला. नाक चोंदण्याचा प्रकार.

पाना-पक्कड
हा दाखला मात्र चपखल.

खटपट्या
गॅसच्या गीझरलाही कोळी लागतो का? आमच्या गीझरची ज्योत पेटायला उशीर होतो आणि मग भप्पकन पेटते.

पाना-पक्कड
लागतो, आणि उशिरा भप्पकन पेटणं हे तिथलं ठरलेलं लक्षण. पण हे शेगडीसारखं स्वतः उघडू नका. गीझरचं जळण बंद खोलीत होतं आणि अपुऱ्या हवेवर जळलं की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही. बंद ठेवा आणि माहितगाराला बोलवा.

मृगनक्षत्र
मग कोळी येऊच नये म्हणून आत कीटकनाशक फवारलं तर?

पाना-पक्कड
नको. फवाऱ्यातला द्रव पेटणारा असतो, नळीत थर धरतो आणि पहिल्या ज्योतीला भडका. डांबराच्या गोळ्याही नकोत.

शेगडी रोज वापरात असेल तर कोळ्याला वेळच मिळत नाही. न लागणारा बर्नर आठवड्यातून एकदा दोन मिनिटं पेटवला तरी पुरे. महिनाभर बंद ठेवायची असेल तर बर्नर काढून कोरड्या पिशवीत बांधून ठेवा, आणि जेटवर कापड झाका. कापडाला लाल फीत लावा, ती नॉबवर लोंबू द्या. नाहीतर कापड विसरून शेगडी पेटवणारेही असतात. सुट्या सिलिंडरच्या तोंडाचं टोपण कायम लावलेलं असावं, आत मुंगी-कोळी शिरला तर झडप नीट टेकत नाही.

शेवंता
नळीच्या तोंडाला बारीक जाळी बसवली तर?

अनुस्वार
बाहेरच्या ग्रिलना कंपन्या तशा जाळ्या देतात. मग शेगडीला का नको?

पाना-पक्कड
त्या कंपनीने हवेचा हिशोब करून दिलेल्या असतात. एक लिटर गॅस पूर्ण जळायला पंचवीस ते तीस लिटर हवा लागते आणि त्यातली निम्म्याच्या आसपास या तोंडातून येते. घरची जाळी लावली तर ती तेलकट धुळीने बुजते आणि कोळ्याचंच काम आपण करतो. मी लावणार नाही.

खटपट्या
मी मोठ्या भोकांची लावून बघणार आहे. दर महिन्याला काढून धुतली तर बुजेल कशी?

पाना-पक्कड
धुतलीत तर नाही बुजणार. पण दर महिन्याला जाळी काढायला बर्नर उचलणारच असाल तर त्याच वेळी नळीत टॉर्च मारा की, जाळी कशाला?

खटपट्या
हं. तरी लावून बघतो. ज्योत पिवळी झाली तर इथेच लिहीन.